पाच सेकंदांच्या रीलमध्ये वाचता येईल असे वाक्य किती मोठे असावे?

अर्धविराम

गेले काही महिने मी स्वतः लिहिलेल्या छोट्या वाक्यांच्या रील तयार करते आहे. मागे एखादे संथ दृश्य, पडद्याच्या मधोमध एकच वाक्य आणि एकूण लांबी नेमकी पाच सेकंद, असा त्यांचा साचा आहे. ही लांबी मला बदलायची नाही, कारण संपूर्ण मालिका त्याच मापाने चालली आहे. अडचण अशी, की पाहणाऱ्यांपैकी बरेच जण वाक्य पूर्ण होण्याआधीच रील संपते असे कळवतात. मी स्वतः घड्याळ लावून पाहिले, तेव्हा मला तेच वाक्य चार सेकंदांच्या आत आरामात वाचता आले. मग त्यांनाच का जमत नाही?

ज्या वाक्यावर सर्वांत जास्त तक्रारी आल्या ते असे होते: "ज्या दिवशी आपण इतरांशी स्वतःची तुलना करणे थांबवतो त्या दिवसापासून आपले खरे चालणे सुरू होते, कारण तोवर आपण फक्त दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे मोजत असतो."

हे वाक्य पहिल्या सेकंदानंतर हळूहळू उमटते आणि शेवटी हळूहळू विरते. किती शब्दांपर्यंत थांबावे याचा काही ठोकताळा कोणी सांगू शकेल का?

टिंब

ठोकताळा सोपा आहे. एका शब्दाला अर्धा सेकंद धरावा, म्हणजे पाच सेकंदांत दहा शब्द बसतात. आपल्या वाक्यात चोवीस शब्द आहेत, म्हणजे ते बारा सेकंदांचे वाक्य झाले. ते दहा शब्दांवर आणा, तक्रारी थांबतील.

मोरपीस

मी अलीकडेच बोललेल्या शब्दांचा मजकूर आपोआप उमटवून देणारी सोय वापरू लागलो आहे. तिच्यात शब्द आवाजाबरोबरच पुढे सरकतात, त्यामुळे वेळेचा प्रश्नच उरत नाही. फक्त मराठी उच्चार ओळखताना ती बऱ्याच चुका करते, एवढे तपासून घ्यावे लागते.

अर्धविराम

मोरपीस, माझ्या रीलमध्ये बोलणे नसतेच, फक्त वाद्यसंगीत असते. त्यामुळे आवाजाच्या आधाराने वेळ जुळवणे मला शक्य नाही. टिंब, दहा शब्दांचा हिशेब मी मागे करून पाहिला होता. काही दहा शब्दी वाक्ये नीट वाचली गेली आणि काही तरीही अपुरी राहिली. त्यातले गणित मला उलगडलेले नाही.

कातरकाम

मी बरीच वर्षे चित्रपटांची आणि माहितीपटांची उपशीर्षके वेळेत बसवण्याचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजच्या ओळखीचा आहे. तरी उपशीर्षकांचे नियम रीलला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आधी आपल्या रीलचाच हिशेब मांडू. ती सेकंदाला तीस फ्रेमची आहे असे धरले, तर पाच सेकंदांच्या एकूण दीडशे फ्रेम होतात. वाक्य पहिल्या सेकंदानंतर उमटू लागते, म्हणजे तीस फ्रेम तिथेच गेल्या. उमटण्याला सुमारे वीस आणि विरण्याला तेवढ्याच फ्रेम लागत असतील, तर वाक्य पूर्ण ठळक स्वरूपात पडद्यावर फक्त ऐंशी फ्रेम टिकते, म्हणजे जेमतेम पावणेतीन सेकंद. पाच सेकंदांची रील केली म्हणून वाचणाऱ्याला पाच सेकंद मिळतात असे आपण समजत होता. प्रत्यक्षात त्याला त्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक मिळत होते. चोवीस शब्द तेवढ्यात वाचणे अवघडच आहे. आपल्याला स्वतःला ते जमले, कारण वाक्य आपण लिहिलेले आहे. डोळा दोन-तीन शब्दांवर टेकला तरी बाकीचे मनातून पुरवले जाते. लिहिणाऱ्याने स्वतःवर घेतलेली चाचणी म्हणूनच कधी धरू नये.

आता दहा शब्दांच्या ठोकताळ्याकडे येऊ. टिंब यांचे म्हणणे अगदी चुकीचे नाही. बीबीसीच्या उपशीर्षकांच्या मार्गदर्शक सूचनांत मिनिटाला १६० ते १८० शब्द असा वेग दिलेला आहे, म्हणजे सेकंदाला साधारण पावणेतीन ते तीन शब्द. टिंब यांनी धरलेला वेग त्याहूनही सावध आहे. पण ते माप इंग्रजी शब्दांचे आहे. इंग्रजीत जे काम चार सुटे शब्द करतात, ते मराठीत अनेकदा एकच शब्द करतो, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात. "विद्यार्थ्यांसाठीसुद्धा" हा मोजायला एकच शब्द आहे आणि "की" हाही एकच शब्द आहे. आपली काही दहा शब्दी वाक्ये बसली आणि काही बसली नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

म्हणून मी मराठीत शब्द न मोजता अक्षरे मोजतो. इथे अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा; जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असले तरी ते एकच धरायचे. संगणकाने दिलेला आकडा मात्र इथे उपयोगी पडत नाही. "दुसऱ्यांचे" या शब्दात आपल्याला चारच अक्षरे दिसतात: दु, स, ऱ्यां, चे. संगणक मात्र उकार, हलन्त, काना, अनुस्वार आणि मात्रा वेगवेगळे मोजून त्याचे दहा वर्ण सांगतो. इंग्रजी उपशीर्षकांसाठी ठरवलेली सेकंदाला इतके वर्ण ही मर्यादा मराठीला लावली, की हिशेब इथेच बिघडतो.

या मोजणीने आपल्या वाक्यात सत्तर अक्षरे भरतात. माझ्या सवयीचे माप सेकंदाला पाच ते साडेपाच अक्षरे असे आहे. नजरेने वाचण्याचा वेग याहून बराच जास्त असतो हे मला मान्य आहे, परंतु रील पाहणारा माणूस वाचायला बसलेला नसतो. उपशीर्षके पाहणाऱ्याला पुढची ओळ पडद्याच्या तळाशी येणार हे ठाऊक असते आणि त्याची नजर तिथे आधीच तयार असते. रीलमध्ये मात्र तो आधीच्या रीलमधून अंगठ्याने वर सरकून आलेला असतो. आपण काय पाहतो आहोत आणि मजकूर कुठे आहे हे उमगायला त्याचा जवळपास अर्धा सेकंद जातो. शेवटच्या काही फ्रेमही वाचनासाठी धरू नयेत. म्हणजे वाक्य अगदी पहिल्या फ्रेमपासून ठेवले, तरी हाती सुमारे ४.३ सेकंद उरतात आणि त्यात बावीस-तेवीस अक्षरे आरामात बसतात. सत्तर अक्षरांवरून तेवीसवर येणे म्हणजे नुसती काटछाट नव्हे, वाक्य नव्याने लिहावे लागेल.

टिंब

शब्दांऐवजी अक्षरे मोजण्याचा मुद्दा मला पटला. मात्र एक गोष्ट आपण सोडून देता आहात. रील संपली की आपोआप पुन्हा सुरू होते. पहिल्या फेरीत अर्धे वाचले, तर उरलेले दुसऱ्या फेरीत वाचता येतेच. उलट वाक्य किंचित मोठे ठेवले, तर माणूस दुसऱ्यांदा पाहतो आणि पाहण्याचा एकूण वेळ वाढतो. कित्येक जण हे मुद्दाम करतात. शिवाय अनेक ठिकाणी बोट दाबून धरले की रील थांबतेही.

खडूफळा

मी नृत्य शिकवते आणि विद्यार्थिनींच्या सरावाचे तुकडे अशाच छोट्या रीलमध्ये घालते. त्यावर दोन ओळींचा मजकूर असतो. माझा अनुभव असा, की अक्षरे कमी असूनही लोक वाचत नाहीत, कारण हात आणि पाय हलत असताना नजर त्यांच्याकडेच जाते. एकदा मी फक्त सात-आठ अक्षरांची ओळ ठेवली होती आणि तरीही एका पालकांनी "त्यात काही लिहिले होते का?" असे विचारले. पुढे मी ओळ येताना दृश्य जवळजवळ स्थिर राहील असा तुकडा निवडू लागले, म्हणजे एखादी मुलगी मुद्रा धरून थांबलेली असते तो क्षण, आणि मग प्रश्न राहिला नाही. तेव्हा अक्षरांच्या मोजणीइतकेच मागे काय हलते आहे हेही पाहावे लागेल असे मला वाटते.

कातरकाम

खडूफळा ताईंचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि माझ्या हिशेबात तो राहिला होता. मी सांगितलेले माप संथ किंवा स्थिर दृश्यासाठी आहे. मागे हालचाल असेल, तर मी अक्षरे जवळपास निम्मी करतो, आणि चेहरा असेल तर त्याहूनही कमी, कारण चेहरा दिसला की माणूस आधी चेहरा पाहतो.

टिंब, पुन्हा सुरू होण्याबद्दल आपले निरीक्षण खरे आहे, परंतु त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. दुसरी फेरी सुरू होते तेव्हा वाचणाऱ्याची नजर जिथे थांबली होती तिथून पुढे जात नाही. वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून समोर उभे राहते, आणि आपण कुठपर्यंत आलो होतो ते शोधण्यातच त्याचा वेळ जातो. वाक्य सत्तर अक्षरांचे असेल, तर दुसऱ्या फेरीतही ते पुरे होत नाही. ज्याला कुतूहल आहे तो बोट दाबून धरेल. बाकीचे पुढे सरकतात. मोठे वाक्य ठेवून पाहण्याचा वेळ वाढतो की लोक निघून जातात, हे ज्याने त्याने आपल्या रीलचे आकडे पाहून ठरवावे. माझे काम वाक्य वाचता येईल एवढे पाहण्याचे आहे.

अर्धविराम

खडूफळा ताई, माझ्या मागचे दृश्य म्हणजे खिडकीबाहेरचा पाऊस आहे, त्यामुळे हालचाल आहे खरी, पण सगळीकडे सारखी आहे आणि नजर कुठे अडकत नाही.

कातरकाम यांच्या मापाने मी वाक्य पुन्हा लिहिले. पहिला प्रयत्न असा: "दुसऱ्यांचे ठसे मोजणे थांबले, की आपले चालणे सुरू होते." ही तेवीस अक्षरे भरली. मग आणखी सोपे करावे म्हणून दुसरा प्रयत्न केला: "ठसे मोजणे थांबवा, चालणे सुरू होईल." ही सोळाच आहेत. दुसरे वाचायला पटकन होते, म्हणून मी तेच घेण्याच्या विचारात आहे.

जुनेपान

दुसरे घेऊ नका, अशी माझी विनंती आहे. सोळा अक्षरांत वाचून होईल हे खरे, पण कोणाचे ठसे हे त्यात राहिलेच नाही. वाचणारा क्षणभर थबकून तेच शोधेल, आणि वाचवलेला सेकंद तिथेच खर्च होईल. मूळ वाक्यातला सगळा जीव "दुसऱ्यांच्या" आणि "आपले" या दोन शब्दांच्या विरोधात होता. पहिल्या प्रयत्नात तो विरोध जसाच्या तसा उरला आहे आणि तुलना, दिवस, कारण ही सगळी समजावणी गळून पडली आहे. गाळायचे तेच गाळले गेले आहे. शिवाय दुसऱ्या वाक्यातले "थांबवा" हे उपदेशाच्या सुरात जाते, पहिले मात्र नुसते निरीक्षण म्हणून उभे राहते.

ओळी कशा तोडणार आहात, तेही एकदा पाहावे. उभ्या पडद्यावर हे एका ओळीत बसणार नाही, आणि यंत्रावर सोडले तर ते जागा संपेल तिथे ओळ तोडते. मी माझ्या फोनवर ठळक अक्षरात लिहून पाहिले, तेव्हा ते असे आले:

दुसऱ्यांचे ठसे मोजणे
थांबले, की आपले
चालणे सुरू होते.

इथे "मोजणे" आणि "थांबले" यांची ताटातूट झाली आहे, आणि मधली ओळ एकटी वाचली तर तिला काही अर्थच लागत नाही. त्याऐवजी ओळी अशा तोडाव्यात:

दुसऱ्यांचे ठसे
मोजणे थांबले,
की आपले चालणे
सुरू होते.

ओळी चार झाल्या, पण प्रत्येक ओळ एका दृष्टिक्षेपात पकडता येते आणि स्वल्पविरामाचा थांबा नेमका मध्यावर पडतो. एवढ्यासाठी मी चौथी ओळ खुशाल सोसेन.

कातरकाम

जुनेपान यांनी सुचवलेली मांडणी मीही घेईन. फक्त ओळींमधले अंतर नेहमीपेक्षा थोडे वाढवा, कारण देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा यांची टक्कर होते. इंग्रजीसाठी आधीच ठरवून ठेवलेले अंतर आपल्याला नेहमीच अपुरे पडते. मजकूर मध्यभागाच्या किंचित वर ठेवावा, कारण तळाशी खात्याचे नाव आणि वर्णन येते, तर उजव्या कडेला बटणे असतात.

मोरपीस

पहिला प्रतिसाद मी प्रश्न न वाचता दिला, त्याबद्दल क्षमा असावी. आता एक खरी शंका विचारतो. अक्षरे एकेक करून टंकित होत जातात असा परिणाम अनेक रीलमध्ये दिसतो. त्यात वाचणारा अक्षरांबरोबर आपोआप पुढे सरकत नाही का? तसे असेल, तर वेळ वाचायला हवा.

कातरकाम

वाटते तसे, प्रत्यक्षात उलटे होते. टंकनाचा परिणाम तीन सेकंद चालला, तर शेवटचा शब्द तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीस उमटतो आणि तोवर वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. वेगाने वाचणारा रखडतो, सावकाश वाचणाऱ्याला मात्र त्याचा काही लाभ होत नाही.

देवनागरीत तर आणखी एक दोष आहे, आणि तो स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही. "अर्थ" हा शब्द टंकित होताना आधी "अ" दिसतो, मग "अर", मग "अर्", आणि चौथ्या पायरीला तो "र" खालून उडी मारून "थ"च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. "दिवस" लिहिताना आधी "द" उमटतो आणि मग त्याच्या डावीकडे वेलांटी घुसते, त्यामुळे "द" जागेवरून उजवीकडे सरकतो. डोळा नेमका त्या हालचालीकडे खेचला जातो. परिणाम हवाच असेल, तर अख्खा शब्द किंवा अख्खी ओळ एका वेळी आणावी. काही संपादन साधनांत तर जोडाक्षरे मुळातच फुटतात आणि वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. तसे दिसले तर त्या साधनात मजकूर लिहू नये. दुसरीकडे लिहून पारदर्शक चित्र म्हणून आणावा.

टिंब

मग वाक्याचे दोन भाग करून दोन पडदे दाखवले तर? आधी "दुसऱ्यांचे ठसे मोजणे थांबले" आणि मग "की आपले चालणे सुरू होते". त्यामुळे उत्सुकताही टिकते.

कातरकाम

उत्सुकता टिकते हे मान्य, पण प्रत्येक बदलाला नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. अडीच-अडीच सेकंद दिले, तर पहिल्या भागाच्या सुरुवातीचा अर्धा सेकंद जातो आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीचाही थोडासा जातो. आपल्या वाक्याचा पहिला भाग बारा अक्षरांचा आहे आणि दुसरा अकरांचा, म्हणून ते कसेबसे जमेल. भाग असमान असते तर जमले नसते. दोन भाग केलेत, तर मध्ये दोन फ्रेमची मोकळी फट ठेवा. उपशीर्षकांत आम्ही तेच करतो, नाही तर मजकूर बदलला हे डोळ्याला चटकन कळत नाही.

खडूफळा

एक मतभेद नोंदवते. वाक्य अगदी पहिल्या फ्रेमपासून असावे हे मला पटत नाही. दृश्याला अर्धा सेकंद तरी एकटे राहू द्यावे, नाही तर ती रील न वाटता सूचनाफलक वाटते. पाऊस आहे हे कळण्याआधीच पावसावर लिहिलेले वाचावे लागत असेल, तर पाऊस ठेवायचाच कशाला?

कातरकाम

रील दहा सेकंदांची असती, तर मी आपल्याशी लगेच सहमत झालो असतो. पाच सेकंदांत तो अर्धा सेकंद म्हणजे अडीच-तीन अक्षरे आहेत. ती अक्षरे कमी करायची तयारी असेल, तर जरूर द्यावा.

अर्धविराम

काल रात्री दोन्ही प्रकार करून पाहिले. एका रीलमध्ये चार ओळींचे वाक्य पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तसेच ठेवले, उमटणे-विरणे काही नाही. दुसरीत पहिल्या पंधरा फ्रेम फक्त पाऊस ठेवला, नंतर वाक्य एकदम आणले आणि ते शेवटपर्यंत राहू दिले. वाक्य आधी न पाहिलेल्या माणसांवर चाचणी घ्यायची, म्हणून घरातल्या दोघांना आणि एका मैत्रिणीला फोन हातात देऊन एकदाच दाखवले आणि लगेच फोन परत घेतला. मग वाक्य तोंडी सांगायला सांगितले.

पहिल्या रीलचे वाक्य तिघांनीही जसेच्या तसे सांगितले. त्यांना आता वाक्य माहीत झाले होते, म्हणून दुसरी रील मी शेजारच्या दोघींना दाखवली. एकीने पूर्ण सांगितले. दुसरी, ज्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, "दुसऱ्यांचे ठसे मोजणे थांबले, की" इथपर्यंत आल्या आणि थांबल्या; शेवट पाहायचा राहिला असे त्या म्हणाल्या. एवढ्या थोड्या लोकांवरून निष्कर्ष काढता येत नाही हे मला कळते, तरी या वाक्यासाठी मी पहिलाच प्रकार ठेवते आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. वाक्याखाली मी बारीक अक्षरात माझे टोपणनावही लिहीत असे. आता ते ठेवले, तर आणखी पाच अक्षरे वाढतात.

जुनेपान

नाव बारीक असले तरी वाचले जातेच, आणि पुष्कळदा वाक्याच्या आधी वाचले जाते. खात्याचे नाव तळाशी दिसतेच आहे, मग ते पडद्यावर पुन्हा कशाला हवे?

टिंब

रील कोणी उतरवून घेऊन दुसरीकडे टाकली, तर खात्याचे नाव गळून पडते. माझी दोन वाक्ये तशीच बिननावाची फिरत आहेत. नाव ठेवावे असेच मी म्हणेन, हवे तर शेवटच्या सेकंदात आणावे.

कातरकाम

शेवटच्या सेकंदात काहीही नवे आणले, की सावकाश वाचणाऱ्याची नजर "सुरू होते" सोडून तिकडे जाईल. नाव ठेवायचेच असेल, तर पहिल्या फ्रेमपासून, फिक्या रंगात आणि वाक्यापासून दूर ठेवा, आणि त्याच दोघींना पुन्हा दाखवू नका.